लोह गेलं कुठे?

भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून वर्षातून एकदा मेडिकल होतं. कँटीनच्या बाजूच्या खोलीत लॅबची माणसं टेबलं मांडतात, रक्त घेतात, नळीत फुंकायला लावतात, डोळे तपासतात आणि काही दिवसांनी एक फाइल हातात येते. साखर किती, कोलेस्टेरॉल किती, एवढं बघून ती कपाटात जाते. हिमोग्लोबिनच्या ओळीत एखादा आकडा ठळक छापलेला असतो, ११.२ किंवा १०.४, आणि खाली शेरा असतो की फॅमिली डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देतात. घरी बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू होतं. तीन महिन्यांनी आकडा चढतो आणि विषय संपतो. या सगळ्यात लोह गेलं कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही.

वयात आलेल्या मुलीला, पाळी चालू असलेल्या बाईला किंवा गरोदर बाईला हा प्रश्न सहसा विचारावा लागत नाही, कारण उत्तर समोर असतं. पण माणूस पन्नाशीचा पुरुष असेल, किंवा पाळी जाऊन काही वर्षं झालेली बाई असेल, तर उत्तर समोर नसतं. ते बहुतेक वेळा पोटात, म्हणजे अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या लांबलचक वाटेवर कुठेतरी असतं. तिथून रक्त झिरपत असतं आणि ते कोणालाही दिसत नसतं. ब्रिटनच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की अशा पुरुषांत आणि अशा बायकांत साधारण एक तृतीयांश जणांना तपासणीत काहीतरी मूळ दुखणं सापडतं आणि ते बहुतेक करून पचनमार्गातलं असतं. त्यातल्या काहींना कर्करोग असतो. म्हणूनच रक्त कमी असणं हे इथे आजार म्हणून नाही, तर खूण म्हणून वाचायचं असतं.

हे का, ते समजायला शरीराचा लोहाचा हिशोब एकदा मांडून पाहावा लागतो. तो गमतीदार आहे, कारण यात आवक आणि जावक दोन्ही अगदी किरकोळ असतात. प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे चार ग्रॅम लोह असतं, म्हणजे एखाद्या छोट्या खिळ्याइतकं. त्यातलं निम्म्याहून जास्त रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेलं असतं आणि अर्धा ते एक ग्रॅम यकृत वगैरे ठिकाणी साठ्यात असतं. रोज त्वचेच्या आणि आतड्याच्या जुन्या पेशी झडतात, त्यांच्याबरोबर जेमतेम एक मिलिग्रॅम लोह बाहेर जातं. जेवणातून तेवढंच आत येतं. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यांतलं लोह शरीर पुन्हा वापरतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची शरीराला सोयच नाही. म्हणून हा साठा लवकर रिकामा होत नाही. तो रिकामा करायचा खरा मार्ग एकच, तो म्हणजे रक्त अंगाबाहेर जाणं.

आता एक माणूस घेऊ. हा कागदावरचा आहे, हिशोबासाठी उभा केलेला, पण कासारवाडीच्या कुठल्याही गल्लीत सापडेल असा. वय ५६, वजन ६५ किलो, चाकणच्या एका कारखान्यात मशीन शॉपला. दोन वर्षांपूर्वीच्या मेडिकलमध्ये हिमोग्लोबिन १४.२ होतं, गेल्या वर्षी १२.८, यंदा १०.२. शिफ्ट नीट करतो, जेवतो, वजन उतरलेलं नाही, पोट दुखत नाही. फक्त लोकलसाठी स्टेशनचा जिना चढताना मधे कठड्याला धरून थांबतो आणि म्हणतो, वय झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने पुरुषाचं हिमोग्लोबिन १३च्या खाली आणि बाईचं १२च्या खाली गेलं की पांडुरोग म्हणायचा. म्हणजे हा माणूस गेल्या वर्षीच हद्द ओलांडून खाली आला होता.

याच्या अंगात साधारण साडेचार लिटर रक्त. दर १०० मिलिलिटरमागे ४ ग्रॅम हिमोग्लोबिन घटलं, म्हणजे एकूण १८० ग्रॅम. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं, तर रक्तातून सुमारे ६०० मिलिग्रॅम लोह गेलं. पण रक्तातलं लोह कमी व्हायच्या आधी साठा संपतो. तो ८०० धरला तर एकूण तूट १,४०० मिलिग्रॅमची. दोन वर्षांचे दिवस ७३०. म्हणजे रोजची तूट दोन मिलिग्रॅमच्या जवळपास. शिवाय साठा घटायला लागला की आतडं जेवणातून जास्त लोह ओढून घेतं, ते रोज एक मिलिग्रॅम धरू. म्हणजे खरी गळती रोज तीन मिलिग्रॅमची. रक्त पातळ होत चाललेलं असताना एका मिलिलिटरमध्ये ०.४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. भागाकार करा, उत्तर येतं रोज सात मिलिलिटर रक्त. चहाचा दीड चमचा.

दीड चमचा रक्त पोटात झिरपलं तर संडासात काही दिसत नाही. शौचाला डांबरासारखी काळी व्हायला जठरात किंवा त्याच्या आसपास एका वेळी ५० ते १०० मिलिलिटर रक्त जावं लागतं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला झिरपलेलं रक्त पातळ मळात मिसळून पुढे तीन-चार फुटांचा प्रवास करतं, बाहेर येईपर्यंत त्याचा रंगही ओळखू येत नाही. ‘डॉक्टर, मला तर रक्त पडतच नाही’ हे पेशंटचं म्हणणं खरं असतं आणि त्याचा उपयोग नसतो.

हाच हिशोब उलटा करून बघा, म्हणजे खाण्यापिण्याचा मुद्दा निकालात निघतो. समजा या माणसाने जेवणातून लोहाचा एक कणही घेतला नाही. रोजची झीज एक मिलिग्रॅमची. तरी १,४०० मिलिग्रॅमची तूट व्हायला १,४०० दिवस, म्हणजे जवळजवळ चार वर्षं लागतील. आणि भाकरी, डाळ, पालेभाजी खाणाऱ्या माणसाला लोह अजिबात मिळत नाही असं होत नाही. आपल्या शाकाहारी जेवणातलं लोह अंगी कमी लागतं, जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच चहा घेतला तर आणखीच कमी, हे खरं आहे. त्यामुळे आपल्याकडे पुष्कळांचा साठा मुळातच तुटपुंजा असतो आणि थोडी गळतीही लवकर उघडी पडते. पण ज्या माणसाचं हिमोग्लोबिन दोन वर्षांपूर्वी त्याच डब्यावर १४.२ होतं, त्याचं आज १०.२ आहे, याला डबा जबाबदार नाही. जेवण तेच आहे. बदललं आहे दुसरंच काहीतरी.

बाईच्या बाबतीत हिशोबात पाळीचं एक कलम असतं. दर महिन्याला सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं आणि त्यासोबत १५-२० मिलिग्रॅम लोह. पाळी गेली की हे कलम बंद होतं आणि तिचा ताळेबंद पुरुषासारखा होतो. साठा हळूहळू भरायला हवा. म्हणून साठीतल्या बाईचं हिमोग्लोबिन ९ आलं आणि घरच्यांनी ‘बायकांना असतंच’ म्हटलं, तर ते वीस वर्षांपूर्वी कदाचित चालून गेलं असतं, आज चालत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायका आणि २५ टक्के पुरुष पांडुरोगी निघाले. रक्त कमी असणं आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की सासूबाईंचा फिकटपणा कोणाच्या डोळ्यावर येत नाही. पाळी गेल्यावर योनीतून थोडाही रक्तस्राव होत असेल तर तो अर्थातच वेगळा आणि तातडीचा विषय, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं.

पोटात दुर्बीण घालायच्या आधी एक गोष्ट पक्की करावी लागते, ती म्हणजे कमतरता लोहाचीच आहे. हिमोग्लोबिन कमी असण्याची कारणं अनेक. सीबीसीच्या कागदावर एमसीव्ही नावाची ओळ असते, ती तांबड्या पेशीचं आकारमान सांगते. साधारण ८० ते १०० असायला हवं. लोह कमी पडलं की पेशी लहान आणि फिकट बनतात. आपल्या माणसाचं ७१ आहे. पण लहान पेशी म्हणजे लोहच कमी, असं नाही. पिंपरी कॅम्पातल्या सिंधी घरांत हे जास्त ठाऊक असतं, कारण त्या समाजात थॅलेसेमियाचे वाहक पुष्कळ आहेत. वाहकाच्या पेशीही लहान असतात, मात्र त्यांची संख्या भरपूर असते आणि लोहाचा साठा नीट असतो. अशा माणसाला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देण्यात अर्थ नाही आणि नुसत्या एमसीव्हीवरून त्याला कोलोनोस्कोपीला पाठवण्यातही नाही.

उलट बाजूचा फसवा प्रकार पुण्याच्या परिसरात आणखी नेहमीचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, त्याचे निष्कर्ष २००६मध्ये आले. जवळपास दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. बी-१२ कमी पडलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी पडलं की लहान. एकाच माणसात दोन्ही कमी असलं तर सरासरी येते ८६ आणि कागदावर सगळं आलबेल दिसतं. अशा वेळी शेजारची आरडीडब्ल्यू नावाची ओळ पाहायची. पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते ती सांगते आणि तेव्हा ती वाढलेली असते. मात्र बी-१२ कमी सापडलं म्हणून इंजेक्शनं देऊन मोकळं होणं, आणि लोहाची चौकशी तिथेच थांबवणं, ही इकडची ठरलेली चूक आहे.

निकाल देणारी तपासणी फेरिटिनची. फेरिटिन म्हणजे साठ्याचा आरसा. पांडुरोग असलेल्या माणसाचं फेरिटिन १५च्या खाली असेल तर वादच नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२०मध्ये ही रेषा ४५वर नेली, कारण १५ धरली तर बरेच खरे पेशंट हातचे सुटतात. एक अडचण लक्षात ठेवायची. अंगात कुठे दाह किंवा जंतुसंसर्ग असेल, संधिवात असेल, यकृताचं दुखणं असेल, तर साठा रिता असूनही फेरिटिन फुगतं. तेव्हा ६० किंवा ८० आलं म्हणून लोह पुरेसं आहे असं छातीठोक सांगता येत नाही. आपल्या माणसाचं ७ आलं. इथे शंकेला जागा नाही.

आता काही साध्या चौकशा. लघवीतून रक्त जात नाही ना, हे लघवी तपासून कळतं. आणि रक्तदान? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. गणपती मंडळाचं शिबिर, कंपनीचा स्थापना दिन, एखाद्या नेत्याचा वाढदिवस, आपल्याकडे निमित्तं कमी नाहीत. एका वेळी ३५० मिलिलिटर रक्त दिलं की दीडशेहून जास्त मिलिग्रॅम लोह जातं. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं. वर्षाला चारदा देणाऱ्याचं लोह कुठे गेलं ते त्याच्या प्रमाणपत्रांवरच लिहिलेलं असतं. मळाच्या तपासणीत हुकवर्मची अंडी बघायची. जन्म मुळशी-मावळच्या खाचरात गेलेला, अजूनही सुट्टीत गावी अनवाणी भातात उतरणारा माणूस असेल तर मुद्दाम बघायची. हा जंत लहान आतड्याला चिकटून रोज रक्त पितो. त्याच्या दोन जातींपैकी मोठी जात दर जंतामागे रोज सुमारे पाव मिलिलिटरपर्यंत रक्त घालवते. असे पंचवीस-तीस जंत आपल्या दीड चमच्याचा हिशोब एकटे पुरा करू शकतात. पण पन्नाशीपुढच्या माणसात जंत सापडले तरी गोळी देऊन फाइल बंद करू नये. एकाच पोटात जंत आणि गाठ दोन्ही असायला कोणाची हरकत नसते.

पेनकिलरचं तर विचारायलाच नको. आठ तास उभं राहून कंबर धरते, औषधाच्या दुकानात ‘अंगदुखीची द्या’ म्हटलं की चिठ्ठीशिवाय गोळी मिळते आणि ती ‘औषध’ म्हणून कोणी मोजतही नाही. डॉक्टरांनी ‘काही गोळ्या घेता का’ विचारलं की उत्तर ‘नाही’. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांच्यासारख्या गोळ्यांनी जठरात आणि लहान आतड्यात व्रण होतात आणि ते दुखतीलच असं नाही, कारण गोळी वेदनाच मारत असते. हृदयात स्टेंट टाकलेल्यांची ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी औषधं वेगळी. ती डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाहीत. पण ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणूनच रक्त कमी’ असं म्हणून थांबायचंही नाही. या गोळ्यांमुळे लपलेली जखम लवकर झिरपायला लागते, म्हणजे एका अर्थी ती आधीच सापडायची संधी मिळते.

आणि मूळव्याध. स्टेशनबाहेरच्या भिंतींवर ‘मूळव्याध, भगंदर, फिशर’चे फलक इतके असतात की संडासाच्या जागी रक्त दिसलं की निदान माणूस स्वतःच करतो. मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं, दिसतं, थेंब पडतात. पुष्कळ दिवस पुष्कळ रक्त गेलं तर त्याने पांडुरोग होतोही. पण मूळव्याध इतक्या जणांना असते की ती सापडणं म्हणजे कारण सापडणं नव्हे. ती आहे म्हणून वरचं आतडं बघायचं राहिलं, अशा कहाण्या कोणत्याही पोटविकारतज्ज्ञाला विचारा.

मग मळातलं छुपं रक्त शोधायची स्वस्त तपासणी करून का भागत नाही? कारण ती ज्या कामासाठी बनवली, ते काम वेगळं. धडधाकट माणसांच्या मोठ्या घोळक्यातून कोणाला आधी दुर्बिणीखाली घ्यायचं, हे ठरवायला ती चांगली आहे. इथे साठा रिता झालेला आहे, म्हणजे गळती झाल्याचा पुरावा आधीच हातात आहे. गाठीतून रक्त रोज येतंच असं नाही. ज्या दिवशी नमुना घेतला त्या दिवशी ती कोरडी असू शकते. शिवाय हल्लीची नवी चाचणी मानवी रक्तातलं ग्लोबिन नावाचं प्रथिन ओळखते. जठरातून आलेल्या रक्तातलं ग्लोबिन वाटेत पचून जातं, म्हणून वरच्या भागातला व्रण तिला दिसत नाही. सरकारी दवाखान्यांच्या रांगा मोठ्या असतील तर कोणाला आधी घ्यायचं यासाठी ती वापरावी, असं ब्रिटनमध्ये अलीकडे मानतात. पण चाचणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून निश्चिंत होऊन घरी बसणं धोक्याचं.

लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन चढलं, हाही आतडं ठीक असल्याचा पुरावा नाही. यावर अडून बसणारी माणसं पुष्कळ भेटतात, म्हणून थोडं थांबतो. आपल्याकडच्या नेहमीच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. रिकाम्या साठ्याचं शरीर त्यातलं दहा मिलिग्रॅम जरी उचलू शकलं तरी रोजच्या तीनच्या गळतीला पुरून सात उरतात. टाकीला भोक आहे आणि आपण मोठा नळ सोडला, तर पातळी वर येणारच. भोक बुजलं असं नव्हे. उलट गोळ्यांनी शौचाला काळपट होते, त्यामुळे खरंच रक्त जायला लागलं तरी ‘गोळीमुळे असेल’ असं वाटून दुर्लक्ष होतं. फरक ओळखता येतो. गोळीची काळी हिरवट छटेची आणि नेहमीसारखी घट्ट असते. रक्ताची काळी डांबरासारखी चिकट, चकचकीत असते आणि तिचा वास घरभर होतो. गोळ्या द्यायच्याच, आणि लगेच द्यायच्या. पण तपासणीऐवजी नाही, तपासणीसोबत.

तपासणी म्हणजे दोन दुर्बिणी, शक्यतो एकाच दिवशी. एक तोंडातून जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, दुसरी खालून, सगळं मोठं आतडं पार करून थेट अपेंडिक्सच्या तोंडापर्यंत. वरच्या दुर्बिणीत व्रण, गाठ, जठरातला हेलिकोबॅक्टर जंतू पाहतात. लहान आतड्याचे छोटे तुकडेही घेतात, कारण गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सीलिॲक आजारात लोह शोषलंच जात नाही आणि आतडं डोळ्यांना मात्र ठीक दिसू शकतं. याच टप्प्यावर एक सापळा आहे. आपल्या माणसाच्या जठरात थोडी लाली दिसली, जंतूही सापडला. आपल्याकडे हा जंतू इतका सर्रास आहे की निम्म्याअधिक पोटांत सापडावा. ‘गॅस्ट्रायटिस आहे, औषध देतो, कोलोनोस्कोपीची गरज नाही’ असं म्हणायचा मोह इथे होतो. लालीतून दोन वर्षं रोज दीड चमचा रक्त जात नाही. हिशोबात न बसणारं उत्तर स्वीकारायचं नाही.

खालच्या दुर्बिणीची खरी परीक्षा आदल्या रात्री असते. लोहाच्या गोळ्या सात दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर आतड्याच्या भिंतीवर काळा चिकट थर बसतो आणि काही दिसत नाही. आदल्या दिवशी पालेभाजी, बिया, सालं, बाजरी नको. वरणाचं पाणी, नारळपाणी चालतं, लाल-जांभळी सरबतं नकोत, कारण ती आत रक्तासारखी दिसतात. मग पोट साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात विरघळवून अर्धी रात्री आणि अर्धी पहाटे, अशी प्यायची. खारट, ओशट चव असते, गार करून प्यायली तर निभावते. कासारवाडीच्या जुन्या चाळीत दहा बिऱ्हाडांत दोन संडास असतील तर हे दिव्य आहे. स्वतंत्र संडास असलेल्या नातेवाइकाकडे त्या रात्री मुक्कामाला जाणं यात लाजण्यासारखं काही नाही. पाणी गोमूत्रासारखं पिवळं आणि स्वच्छ यायला लागलं की आतडं तयार झालं असं समजायचं.

रिपोर्ट हातात आला की पेशंटनेही दोन ओळी शोधाव्यात. एक, दुर्बीण सीकमपर्यंत म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी उगमापर्यंत पोचली का. अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो जोडलेला असला तर उत्तम. दोन, आतडं किती साफ होतं. ते बोस्टन मोजपट्टीवर लिहितात. तीन भागांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण, एकूण नऊ. प्रत्येक भागाला निदान दोन हवेत. उजव्या भागाला एक गुण असेल तर ज्या जागेसाठी हा सगळा खटाटोप केला तीच जागा नीट दिसलेली नाही आणि ‘नॉर्मल’ या शब्दाला किंमत नाही. तपासणी पुन्हा करावी लागते.

उजव्या भागावर एवढा भर कशासाठी? तिथे आतडं रुंद असतं आणि मळ पातळ असतो. डावीकडे, जिथे आतडं अरुंद आणि मळ घट्ट, तिथली गाठ लवकर अडवते, बद्धकोष्ठ होतं, लाल रक्त दिसतं, माणूस घाबरून डॉक्टरकडे जातो. उजवीकडची गाठ लिंबाएवढी होईपर्यंत काही अडवत नाही, दुखत नाही. ती फक्त झिरपते. वर्षानुवर्षं तिची एकुलती एक खूण म्हणजे मेडिकलच्या कागदावर घसरणारा हिमोग्लोबिनचा आकडा. आपल्या माणसालाही हेच निघालं, असं धरू. सीकममध्ये तीन सेंटिमीटरची, वर व्रण पडलेली गाठ. तुकडा तपासला, कर्करोग ठरला. सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं साफ. अशा वेळी आतड्याचा उजवा भाग काढून टाकायची शस्त्रक्रिया करतात आणि उरलेली टोकं जोडतात. पोटावर पिशवी बहुधा लागत नाही. अमेरिकेतल्या नोंदींनुसार आजार आतड्यापुरता असतानाच सापडला तर पाच वर्षांनी दहांपैकी नऊ जण हयात असतात. दूरच्या अवयवांत पोचल्यावर सापडला तर साधारण दोघांहूनही कमी.

पण शेवट नेहमी असा होत नाही, हेही सांगायला हवं. आपल्या देशात मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे. अल्सर, पेनकिलरच्या जखमा, जंत, म्हातारपणी आतड्यात फुगणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या, अशी इतर कारणं बरीच सापडतात आणि त्यांतल्या बऱ्याचशांवर सोपा इलाज आहे. ऐंशीच्या आजोबांना, हृदय आधीच थकलेलं असताना, दोन्ही दुर्बिणी सोसतील का आणि काही सापडलं तर पुढची शस्त्रक्रिया करणार आहोत का, हे आधी घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवावं. कोलोनोस्कोपीत आतड्याला छिद्र पडायचा धोका असतो, हजारांत एखादा किंवा त्याहूनही कमी, पण शून्य नाही. अशा वेळी कमी त्रासाचा सीटी स्कॅन हाही पर्याय असतो.

कंत्राटी कामगाराला खर्चाची भीती वाटते. ईएसआयचं कार्ड असेल तर दवाखान्यातून मोहननगरच्या रुग्णालयात चिठ्ठी घेऊन जाता येतं, महापालिकेचं वायसीएम संत तुकारामनगरला आहेच. चिठ्ठीवर नुसतं ‘ॲनिमिया’ लिहून घेऊ नये. ‘लोहाची कमतरता, फेरिटिन ७, दोन वर्षांत हिमोग्लोबिन १४.२वरून १०.२’ असं लिहून घ्यावं आणि जुन्या मेडिकलच्या फायली सोबत न्याव्यात. बघणाऱ्या डॉक्टरला एका आकड्यापेक्षा तीन वर्षांच्या उतरंडीतून जास्त कळतं. १५.१वरून १३.२वर आलेल्या माणसाचा कागद ‘नॉर्मल’ म्हणतो, कारण मर्यादा १३ची आहे. पण त्याच्या अंगातून रक्त गेलेलं असू शकतं, आणि हे फक्त गेल्या वर्षीचा कागद काढूनच कळतं.

आणि दोन्ही दुर्बिणींत काही सापडलंच नाही तर? हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. तेव्हा लोहाची गोळी पुन्हा चालू करायची, रोज एक, आणि ती झेपत नसेल तर दिवसाआड. एक दिवस मोठा डोस घेतला की शरीर पुढचे चोवीस तास दरवाजा थोडा ओढून घेतं, म्हणून दिवसाला दोन-तीन गोळ्या गिळण्यात फायदा नाही, मळमळ तेवढी वाढते. चहापासून दोन तास लांब घ्यायची. दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ग्रॅमच्या आसपास वाढलं तर दिशा बरोबर. आकडा पूर्ववत झाल्यावरही साठा भरायला तीन महिने गोळी चालू ठेवायची, मग बंद करायची आणि पहिलं वर्षभर अधूनमधून हिमोग्लोबिन पाहत राहायचं. आकडा टिकला तर बहुतेकांना पुढे काही करावं लागत नाही. गोळी बंद केल्यावर पुन्हा घसरला, तर दोन दुर्बिणींच्या मधलं वीसेक फुटांचं लहान आतडं बघायचं राहिलं आहे. त्यासाठी कॅमेरा बसवलेली कॅप्सूल असते. ती पाण्याबरोबर गिळायची, पट्ट्याला लावलेल्या यंत्रात आठ-दहा तास फोटो जमा होतात, आणि कॅप्सूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप पडून जाते.